सॅम्पल उत्तम आलं, आता २००० बाटल्यांची ऑर्डर द्यावी का?

रेणुका_प
परदेशी घाऊक प्लॅटफॉर्मवरून पहिल्यांदाच मोठा माल मागवते आहे, म्हणून अनुभवी मंडळींना विचारते. माल म्हणजे दुहेरी भिंतीच्या स्टीलच्या बाटल्या, ५०० मिलीच्या. बाहेरून पावडर कोटिंग आणि त्यावर लेझरने आमचा लोगो. आठ सप्लायरांशी बोलले, त्यातला एक निवडला आणि एक सॅम्पल मागवलं. सॅम्पल अगदी छान आलं. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत गरम राहतं, झाकण गळत नाही, रंगही सुरेख. सप्लायर म्हणतो ३० टक्के आगाऊ द्या, ७० टक्के माल निघण्याआधी. ऑर्डर २००० नगांची आहे. आता थेट ऑर्डर द्यावी की अजून काही तपासायचं असतं? माल निघण्याआधी कुणाला तरी पाठवून तपासून घेतात असं वाचलं. त्याची खरंच गरज असते का?

उंबरठा
मी त्याच प्रकारच्या साइटवरून एक बाटली घेतली होती, झाकण सैल निघालं. तक्रार टाकली, फोटो दिले, आठवड्यात पैसे परत मिळाले. काळजी करू नका, परत करता येतं.

रेणुका_प
उंबरठा, धन्यवाद, पण मी एका बाटलीचं विचारत नाहीये. २००० बाटल्या समुद्रमार्गे येतील. त्या परत पाठवायच्या म्हटलं तर येतानाच्या भाड्यावर पुन्हा जातानाचं भाडं चढेल.

लोहचुंबक
ताई, एक सोपी परीक्षा सांगतो. बाटलीला चुंबक लावा. चिकटलं नाही तर स्टील ३०४, म्हणजे अस्सल. चिकटलं तर हलकं स्टील. मी प्रत्येक सॅम्पलवर हेच करतो, दोन मिनिटांत निकाल.

माप_आणि_वजन
रेणुकाताई, मी बारा वर्षं कारखान्यात जाऊन निघण्याआधीचा माल तपासतो, आणि त्यातला बराच माल बाटल्या, डबे, भांडी असाच असतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी चुंबकाचं. लोहचुंबक यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चुंबक घट्ट चिकटलं तर ते ४३० सारखं निकेल नसलेलं स्टील असू शकतं, तिथपर्यंत परीक्षा कामाची आहे. पण बाटल्यांच्या धंद्यात फसवणूक ४३० ने फारशी होत नाही, २०१ ने होते. २०१ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ ओढून, दाबून बाटलीचा आकार दिला की मानेशी आणि तळाशी थोडं चुंबक धरतं. म्हणजे चांगला माल नापास आणि हलका माल पास, असं दोन्ही होऊ शकतं. ३०४ की २०१ हे बघायला मँगनीज ओळखणारं थेंबाचं किट मिळतं. उघड्या स्टीलवर थेंब टाकायचा, सोबतच्या छोट्या बॅटरीचा प्रवाह द्यायचा, आणि थेंब लाल झाला तर मँगनीज जास्त, म्हणजे २०१ चा संशय. आतली भिंत आणि बाहेरची भिंत वेगवेगळी तपासा. आत ३०४ आणि बाहेर २०१ अशा बाटल्या सर्रास बनतात. तसं करण्यात गैर काही नाही, फक्त तुम्ही पैसे कशाचे देताय ते तुम्हाला माहीत हवं.

आता मूळ प्रश्न. तुम्हाला आलेलं सॅम्पल तुमच्या ऑर्डरचं सॅम्पल नाही. ते सप्लायरच्या कपाटातलं आहे. त्यावर तुमचा लोगो होता का? तुम्ही निवडलेला रंग होता का? ते कधी बनलं, कुठल्या लॉटचं, खरंच त्याच कारखान्यात बनलं का, यातलं काहीच आपल्याला कळत नाही. शिवाय पाठवण्याआधी कुणीतरी दहा बाटल्यांतून सगळ्यात चांगली उचललेली असते. आणि मुद्दाम निवडली नाही असं धरलं तरी हिशेब बघा. लॉटमध्ये दर १०० मागे १० बाटल्या खराब असतील, तर उचललेली एक बाटली चांगली निघण्याची शक्यता १०० त ९० आहे. पाच उचलल्या तरी पाचही चांगल्या निघण्याची शक्यता जवळपास ५९. म्हणजे पाच उत्तम सॅम्पल हातात असूनही लॉट दहा टक्के खराब असू शकतो.

मग सॅम्पल कशाला मागवायचं? ज्याच्याशी पुढचा माल ताडून बघायचा ती वस्तू तयार करायला. त्यासाठी एक पुरत नाही.

रेणुका_प
लोगो नव्हता, रंगही दुसराच होता. म्हणाले रंग नंतर जुळवून देऊ. मग आता किती मागवू आणि काय करू त्यांचं?

माप_आणि_वजन
तुमच्या रंगात, तुमच्या लोगोसह, ठरलेल्या पेटीत भरून किमान चार मागवा. याला प्री-प्रॉडक्शन सॅम्पल म्हणतात. सप्लायर याचे जास्त पैसे लावेल, कारण रंगाची वेगळी तयारी करावी लागते. ते द्या, आणि ऑर्डर दिल्यावर ते बिलातून वजा होतील असं लिहून घ्या.

एक बाटली वाया घालवण्यासाठी. उरलेल्या तीन तपासून, मनाजोग्या असतील तर सही-तारीख घालून पिशवीत सीलबंद करायच्या. एक तुमच्याकडे, एक कारखान्यात, एक तपासणाऱ्याकडे. पुढे वाद झाला की "फोटोत वेगळं दिसत होतं" हे बोलणंच उरत नाही, सीलबंद बाटली टेबलावर ठेवायची.

तपासायचं काय? मी सगळ्यात आधी वजन घेतो. रिकामी बाटली, झाकणाशिवाय, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. पत्रा पातळ केला की वजन उतरतं, आणि ते लपवता येत नाही. दुसरं, उकळतं पाणी भरून झाकण लावा आणि दहा मिनिटांनी बाहेरून सगळीकडे तळहात फिरवा. मानेशी थोडी ऊब चालते, कारण दोन्ही भिंती तिथे जोडलेल्या असतात. पण पोटाला किंवा तळाला गरम लागलं तर दोन भिंतींमधली हवा नीट काढलेली नाही. तिसरं, कोटिंग. वाया घालवायच्या बाटलीवर ब्लेडने बारीक चौकोनी जाळी कापा, चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर निघून आले तर ते कोटिंग वापरात टिकणार नाही.

एक गोष्ट लोक विसरतात. व्हॅक्यूमची गळती सावकाश असू शकते. वेल्डमध्ये सुईच्या टोकाहून बारीक छिद्र राहिलं तर बाटली आज पास होते आणि तीन आठवड्यांनी गरम लागायला लागते. म्हणून सॅम्पल आल्या दिवशी तपासा आणि महिन्याने पुन्हा तपासा. घाई असेल तरी हा महिना सोडू नका. बोलणी, करार, पेटीचं डिझाइन या कामांत तो तसाही जातोच.

सुताचा_धागा
माझा अनुभव टॉवेलचा आहे, पण वजनाच्या मुद्द्याला दुजोरा द्यायला लिहिते. सॅम्पल ५०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचं आलं होतं, दाट, मऊ. माल आला तो हाताला जवळजवळ तसाच लागला. तक्रार यायला लागली दोन धुण्यांनंतर. मग वजन केलं तर ४४० च्या आसपास. सप्लायर म्हणाला, "थोडा फरक असतोच." करारात मी फक्त "सॅम्पलप्रमाणे" असं लिहिलं होतं. किती टक्के कमी-जास्त चालेल हे लिहिलंच नव्हतं, त्यामुळे प्लॅटफॉर्मकडे दाद मागितली तेव्हा माझ्या बाजूने दाखवायला आकडा नव्हता. पैसे गेले. आता वजन आणि त्यातली सूट दोन्ही ऑर्डरमध्येच लिहिते, चॅटमध्ये नाही.

माप_आणि_वजन
सुताचा धागा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. तक्रारीचा निवाडा करणारे लिखित ऑर्डरमध्ये काय आहे ते बघतात. "चांगली क्वालिटी" या शब्दांवरून त्यांना काहीच ठरवता येत नाही. "रिकाम्या बाटलीचं वजन २६८ ग्रॅम, ५ टक्के कमी-जास्त चालेल" असं असेल तर ठरवता येतं.

घाटवाट
मी जरा वेगळं मत मांडतो. मी छोट्या ऑर्डरी करतो, २०० ते ३०० नग. बाहेरचा तपासनीस बोलावला तर त्याची दिवसाची फी माझ्या नफ्यातला मोठा घास घेते. मी माल आल्यावर स्वतः सगळे नग तपासतो, खराब बाजूला काढतो आणि पुढच्या ऑर्डरमध्ये बदलून मागतो. एकाच सप्लायरबरोबर चार वर्षं असं चाललंय. प्रत्येकाने इन्स्पेक्शन करायलाच हवं असं मला वाटत नाही.

माप_आणि_वजन
घाटवाट, जुना सप्लायर आणि २०० नग असतील तर तुमचं बरोबर असू शकतं. पण रेणुकाताईंचा सप्लायर नवा आहे आणि नग २००० आहेत. सत्तर टक्के रक्कम दिली आणि माल बंदरातून निघाला की त्यांच्या हातात विनंती करण्यापलीकडे काही उरत नाही. तपासणीचा खरा उपयोग तिथेच आहे. बॅलन्स पेमेंट अजून तुमच्या खिशात असताना निकाल हातात येतो.

गेल्या वर्षीची एक तपासणी सांगतो, म्हणजे आकडे डोळ्यांसमोर येतील. योगायोगाने तोही २००० बाटल्यांचाच लॉट. तपासणी कधी करायची, तर सगळा माल बनलेला आणि किमान ८० टक्के पेट्यांत भरलेला असताना. आधी गेलं तर उरलेला माल कसा बनेल ते कळत नाही. पूर्ण लॉट तपासायला वेळ नसतो, म्हणून आयएसओ २८५९-१ चा तक्ता वापरतात. १२०१ ते ३२०० नगांच्या लॉटसाठी नेहमीच्या पातळीवर १२५ नग काढायचे. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायच्या दोषांची पातळी, २.५ धरला तर त्या १२५ त ७ पर्यंत दोषी नग चालतात, ८ वा सापडला की लॉट नापास. किरकोळ दोषांसाठी ४.० धरला तर १० चालतात, ११ व्याला नापास.

एका पेटीत २५ बाटल्या, अशा ८० पेट्या होत्या. कारखान्याने पुढच्याच रांगेतल्या पेट्या उघडून ठेवल्या होत्या. त्या मी घेत नाही. पेट्यांचे क्रमांक मी सांगतो, मागच्या, खालच्या थरातल्या, आणि माझ्यासमोर काढायला लावतो. त्या दिवशी नऊ पेट्या काढल्या. १२५ त सहा बाटल्यांना मानेशी कोटिंगचा टवका उडालेला, तिघींचा लोगो ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तिरका. म्हणजे मोठे दोष नऊ. बारीक ठिपके, ओरखडे धरून किरकोळ दोष आठ, ते मर्यादेत. मोठ्या दोषांवर लॉट नापास.

उकळत्या पाण्याची परीक्षा १२५ वर करत नाहीत, वेळ लागतो. त्यासाठी खास पातळीवर ३२ बाटल्या ठरल्या होत्या. त्यातल्या दोन पोटाला गरम लागल्या. गिऱ्हाइकाने करारातच लिहिलं होतं की व्हॅक्यूम नसलेली एकही बाटली सापडली तर कारखान्याने सगळ्या तपासायच्या. त्या एका ओळीने सगळा फरक पडला. कारखान्याने सगळ्या बाटल्या पुन्हा गरम पाणी भरून तपासल्या, टवके उडालेल्या पुन्हा रंगवल्या, आणि नऊ दिवसांनी मी परत गेलो. दुसऱ्या फेरीची फी कारखान्याने भरली, तेही आधी लिहिलेलं होतं. दुसऱ्या वेळी मोठे दोष चार, व्हॅक्यूमचा एकही नाही. लॉट पास झाला आणि मग ७० टक्के रक्कम गेली.

लोहचुंबक
म्हणजे एक्यूएल २.५ म्हणजे मालात अडीच टक्क्यांपेक्षा जास्त खराब नग येणार नाहीत अशी हमी. मग २००० त फार तर ५० खराब. ठीक आहे की.

माप_आणि_वजन
इथे पुष्कळ जण चुकतात. ती हमी नाही. १२५ काढायचे आणि ७ पर्यंत चालवायचे, या नियमाने पाच टक्के खराब असलेला लॉटसुद्धा दहा वेळांत साधारण सात वेळा पास होतो. दहा टक्के खराब असेल तर मात्र शंभरात साधारण सहा वेळाच सुटेल. म्हणजे ही चाळणी वाईट लॉट अडवते, थोडासा खराब लॉट नेहमी अडवत नाही. ज्या दोषाने माणसाला इजा होऊ शकते तो या मोजणीत धरायचाच नाही. कडेला धार राहिली असेल तर एकही चालणार नाही असं लिहायचं.

घाटवाट
तपासनीसही माणूसच. कारखान्याने त्यालाच खूश केलं तर?

माप_आणि_वजन
तसं होतं, नाकारत नाही. फी गिऱ्हाइकाने भरावी, सप्लायरने नाही. अहवालात प्रत्येक दोषाचा फोटो, उघडलेल्या पेट्यांचे क्रमांक आणि काट्यावर ठेवलेल्या बाटलीचं वजन दिसेल असा फोटो मागावा. हे असलं की खोटं लिहिणं अवघड होतं, अशक्य होत नाही.

सुताचा_धागा
तपासनीस परवडत नसेल तर व्हिडिओ कॉलवर चालतं का? मी मागच्या वेळी तसं केलं.

माप_आणि_वजन
काहीच न करण्यापेक्षा बरं. पेटीचा क्रमांक तुम्ही सांगा, कॅमेरा बंद न करता ती पेटी गठ्ठ्यातून काढून उघडायला लावा, काट्यावर वजन दाखवायला सांगा. पण रंगाची छटा स्क्रीनवर कळत नाही, आणि वास, हाताला लागणारी ऊब तर मुळीच नाही.

रेणुका_प
(बारा दिवसांनी)
सगळ्यांचे मनापासून आभार. सप्लायरला प्री-प्रॉडक्शन सॅम्पल आणि तपासणी दोन्हींबद्दल विचारलं. चार सॅम्पल पाठवायला लगेच तयार झाला. तपासणीबद्दल मात्र म्हणतो की पूर्ण रक्कम मिळाल्यावर माल दाखवू. कारखान्याचा पत्ता मागितला तर ऑफिसचाच पत्ता पुन्हा पाठवला. हे काय समजू?

घाटवाट
तो बहुधा मधला व्यापारी असेल, कारखाना त्याचा नसेल. पत्ता दिला तर तुम्ही थेट तिकडे जाल ही त्याला भीती असणार. मधला माणूस असणं वाईटच असतं असं नाही, माझाही सप्लायर तसाच आहे. लहान ऑर्डर कारखाना घेत नाही, तो घेतो.

माप_आणि_वजन
मधला असो वा कारखानदार, पूर्ण पैसे दिल्यावर तपासणी म्हणजे तुमच्या हातातली एकमेव गोष्ट आधीच काढून घेणं. त्याला लिहा की बॅलन्स पेमेंट तपासणी पास झाल्यावर, आणि पत्ता फक्त तपासनीसाला दिला तरी चालेल. नाही म्हणाला तर मी तरी ही ऑर्डर देणार नाही. आठ जणांशी बोलला होतात ना, त्यातल्या दुसऱ्या एकाकडूनही चार सॅम्पल मागवून ठेवा.

रेणुका_प
(आणखी तीन आठवड्यांनी)
दोघांकडून सॅम्पल आली. दुसऱ्या सप्लायरने कारखान्याचा पत्ता लगेच दिला आणि तपासणीनंतर बॅलन्स हेही मान्य केलं. त्याच्या चारही बाटल्यांची वजनं २६१, २६४, २६२, २६३. उकळत्या पाण्याला चारही थंड. पण जाळी कापून पट्टी ओढली तेव्हा सहा-सात चौकोन निघाले. त्याला फोटो पाठवलेत, रंगवण्याआधी पृष्ठभाग नीट साफ झाला नसावा असं तो स्वतःच म्हणाला आणि नवी सॅम्पल पाठवतोय.

पहिल्या सप्लायरची वजनं २५९, २६२, २५८ आणि चौथी २३१. पट्टीला एकही चौकोन निघाला नाही, कोटिंग खरंच सुंदर आहे. तपासणीवर तो अजून अडून आहे. चौथी बाटली दिसायला बाकीच्यांसारखीच. हा फरक कशामुळे असेल?

लोहचुंबक
थेंबाचं किट लावलंत का? मीही आता एक मागवलंय.

रेणुका_प
लावलं. आतून कुठेच लाल नाही. बाहेरून कोटिंग खरवडून टाकला, तर चौथीवर लाल झाला, बाकी तिघींवर नाही.

माप_आणि_वजन
नुसत्या २०१ मुळे वजन एवढं उतरत नाही, दोन्ही स्टीलची घनता जवळपास सारखीच असते. बाहेरचा पत्रा पातळही असणार. एकाच पाकिटात दोन प्रकारच्या बाटल्या आल्या, म्हणजे माल बहुधा दोन ठिकाणांहून उचललाय. पण अंदाजावर नको. चौथी आणि बाकीच्यातली एक, दोन्ही मधोमध आडव्या कापून घ्या आणि बाहेरच्या भिंतीची जाडी स्क्रू गेजने मोजा. कोटिंग आधी खरवडा, नाहीतर तीही जाडीत धरली जाईल.

रेणुका_प
ओळखीच्या वर्कशॉपमध्ये विचारलंय, उद्या कापून देतात. मोजमापं आणि फोटो इथेच टाकते.